आयपीएलमुळे लीड निम्म्या झाल्या असं एजन्सी म्हणते, खरं असतं का हे?

प्रश्न: धुळ्यात अकरावी-बारावी सायन्सचे क्लासेस आहेत (नीट आणि सीईटी). इन्स्टा-फेसबुकवर दिवसाला १,००० रुपयांच्या ॲड चालू असतात, थोडं गूगल सर्चवर. २०२५ मध्ये ३ ते ९ मार्चला ७,००० रुपयांत ५६ लीड आल्या, ७ ते १३ एप्रिलला तेवढ्याच पैशात २८. एजन्सीवाला म्हणतो आयपीएल आहे, सगळ्यांचं असंच आहे. मे तर २०२४च्या मेपेक्षा पार वेगळाच गेला. पुढच्या सीझनला आयपीएलमध्ये ॲड बंदच ठेवू का? आकड्यांची शीट सोबत जोडलीय.

उत्तर:

राम राम भाऊ. मी जळगावात बसून हेच काम करतो, बहुतेक क्लासेस, दवाखाने, कुलरवाले, एक-दोन सराफ. एजन्सीवाला खोटं बोलत नाहीये, पण तुमचेच आकडे बघितले तर त्याचं म्हणणं सोळा आण्यांतलं साधारण सहा आणेच खरं आहे, बाकीचं कुठेतरी दुसरीकडे सांडलंय.

लीड कमी झाली म्हणजे नेमकं काय कमी झालं हे आधी बघावं लागतं, कारण पैसा टाकल्यापासून लीड येईपर्यंत मधे तीन गाळण्या असतात. पैशात ॲड किती वेळा दिसली, दिसलेल्यांपैकी किती जणांनी क्लिक केलं, आणि क्लिक केलेल्यांपैकी किती जणांनी फॉर्म भरला. क्रिकेट मुख्यतः पहिल्या गाळणीवर बसतं, परीक्षा तिसरीवर बसते, आणि आपली स्वतःची चूक कुठेही बसू शकते.

आता तुमचे आकडे. मार्चच्या आठवड्यात ७,००० रुपयांत ॲड १,००,००० वेळा दिसली, म्हणजे हजार वेळा दाखवायला ७० रुपये, यालाच सीपीएम म्हणतात. क्लिक १,४००, म्हणजे शंभरात १.४. त्यातून ५६ लीड, म्हणजे शंभर क्लिकला ४. एप्रिलच्या आठवड्यात त्याच पैशात ॲड ८०,००० वेळा दिसली, सीपीएम साडेसत्याऐंशी रुपये झाला. क्लिक १,१२०, म्हणजे शंभरात परत १.४च, इथे काडीचा फरक नाही. पण लीड २८, म्हणजे शंभर क्लिकला अडीचच.

आता असं समजा की फक्त ॲड महाग झाली असती आणि बाकी सगळं मार्चसारखंच राहिलं असतं, तर १,१२० क्लिकचे ४ टक्के म्हणजे ४५ लीड आल्या असत्या. ५६ वरून ४५, म्हणजे महागाईने ११ लीड खाल्ल्या. उरलेल्या १७ लीड माणूस ॲडवर क्लिक करून तुमच्या पानावर आल्यानंतर गेल्यात, आणि तिथे धोनीचा काही संबंध नाही.

ते ११ तरी का गेले ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी किती धरायचं ते कळेल. मेटावर जागा लिलावाने जाते, तुमची ॲड जिथे दिसणार तिथे अजून पाच जण बोली लावून उभे असतात. आयपीएलमध्ये मोठ्या ब्रँडचा मुख्य पैसा टीव्हीवर आणि मॅच जिथे दिसते त्या ॲपवर जातो, पण तीच कॅम्पेन ते यूट्यूब आणि इन्स्टावरही चालवतात, म्हणून तुमच्याच रांगेत एकदम जाडजूड पाकीटवाली माणसं येऊन उभी राहतात. त्यात २०२५ला आयपीएल सुरू झाली २२ मार्चला, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या तोंडावर, जेव्हा उरलेलं बजेट ३१ तारखेच्या आत संपवायची सगळ्यांची घाई असते, आणि ३० मार्चला गुढीपाडवा होता म्हणजे सराफ, गाड्यांचे शोरूम, फ्लॅटवाले सगळे एकाच दिवशी मैदानात. त्या दहा दिवसांत सीपीएम वाढला तर त्यातलं क्रिकेट किती आणि पाडवा किती हे कोणीच सांगू शकत नाही, जो सांगतो तो अंदाज ठोकतो. तुम्ही एप्रिलचा दुसरा आठवडा दिलाय ते बरं केलं, तो त्या मानाने स्वच्छ आहे.

आणि गूगल सर्चवर हे जवळजवळ लागूच होत नाही. "धुळे नीट क्लासेस" या शब्दावर बोली लावायला कोल्ड्रिंकवाला येत नाही. तिथे क्लिक महाग झाली असेल तर समजा गावातलाच दुसरा क्लासवाला जागा झाला. गूगलमध्ये `Search impr. share` नावाचा कॉलम लावा. तुमची ॲड जितक्या वेळा दिसू शकत होती त्यातल्या किती वेळा खरंच दिसली, ते तो सांगतो. ॲड दिसायची संख्या घटली पण हा वाटा तेवढाच राहिला तर लोकच कमी शोधतायत, परीक्षा किंवा सण चालू आहे, शांत बसा. वाटाच घसरला आणि `Search lost IS (rank)` वाढला तर स्पर्धक आलाय, आणि `Search lost IS (budget)` वाढला तर दुपारपर्यंतच तुमचे पैसे संपतायत. तीन वेगळी दुखणी आहेत, बाहेरून दिसायला तिन्ही "ट्रॅफिक पडलं" असंच दिसतं.

आता एक गंमत बघा. तुमचा मार्चचा जो "चांगला" आठवडा आहे ना, ३ ते ९, त्यात ४ तारखेला चॅम्पियन्स ट्रॉफीची भारत-ऑस्ट्रेलिया सेमीफायनल होती आणि ९ तारखेला रविवारी न्यूझीलंडशी फायनल. दोन्ही दुबईत, आपल्याकडे दुपारी अडीचपासून रात्रीपर्यंत. भारताची फायनल म्हणजे आयपीएलच्या साध्या मंगळवारच्या मॅचपेक्षा कितीतरी मोठं प्रकरण, अख्खं गाव टीव्हीपुढे, आणि तरी तो तुमचा सगळ्यात भारी आठवडा! तुमच्या शीटमध्ये ९ तारखेला संध्याकाळी एकच लीड दिसतेय पण सोमवारी सकाळी कसर भरून निघालीय. मॅचचा खड्डा असाच असतो, तासाभराचा-संध्याकाळचा, आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी भरतो कारण पोराच्या ॲडमिशनची गरज मॅच संपली म्हणून संपत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. सलग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ सारखाच खड्डा मॅच पाडत नाही.

म्हणून दुसरं काम, तासांचा हिशोब. मेटाच्या `Breakdown` मध्ये `Time of day` आहे, तिथे खर्च आणि क्लिक तासावार मिळतात, लीडची वेळ मात्र तुमच्या स्वतःच्या शीटमधून घ्या, ती जास्त भरवशाची. तुमच्या शीटवरून मी मोजलं, सकाळी १० ते संध्याकाळी ६ मध्ये मार्चला ३४ लीड होत्या त्या एप्रिलला १६ झाल्या, उरलेल्या वेळेत २२ च्या १२. आयपीएलच्या मॅच साडेसातला सुरू होतात, दोन मॅचच्या दिवशी पहिली साडेतीनला. क्रिकेट दोषी असतं तर रात्रीच्या लीड आपटल्या असत्या आणि दिवसाच्या जागेवर राहिल्या असत्या. तुमच्याकडे उलट दिवसाच्या जास्त पडल्यात.

हे इतकं ठासून सांगतोय कारण मी स्वतः यात तोंडावर पडलोय. काही वर्षांपूर्वी एका क्लासचंच काम होतं, आयपीएल सुरू झाली आणि दोन दिवसांनी लीड निम्म्याहून खाली. मी पण मोठ्या तोऱ्यात मालकाला सांगितलं, मॅच आहेत सर, होईल नीट. तीन आठवडे तेच सांगत राहिलो. मग एका दुपारी त्यांच्या ऑफिसात चहा पीत बसलो होतो आणि सहज म्हणून माझ्या मोबाइलवरून त्यांचा फॉर्म भरला. नाव टाकलं, नंबर टाकला, ओटीपीची वाट बघत बसलो, चहा गार झाला तरी ओटीपी काही आला नाही. एसएमएसचा बॅलन्स संपला होता. ओटीपी नाही म्हणून फॉर्म पुढे जात नव्हता, ज्या थोड्याफार लीड येत होत्या त्या थेट कॉलच्या बटणावरून. तासांचा तक्ता मी पहिल्याच आठवड्यात काढला असता तर सकाळी ११ लाही तेवढाच खड्डा दिसला असता आणि तिथेच कळलं असतं की ही मॅच नाही. तेव्हापासून कुठलाही डिप दिसला की आधी दुसऱ्याच्या फोनवरून, मोबाइल डेटावर, स्वतः फॉर्म भरून बघतो, मगच कॅलेंडर उघडतो.

तर तुमचा फॉर्म आज तपासा. पण तो ठीक निघाला तर माझा दुसरा संशय परीक्षेवर आहे, आणि हा जरा न दिसणारा प्रकार आहे. २०२५ला दहावीचा शेवटचा पेपर १७ मार्चला झाला. तोपर्यंत पोरांचे फोन आई-बापाच्या कपाटात, तुमची ॲड बघतोय तो बाप किंवा आई, त्यांनी क्लिक केलं की फॉर्मही भरतात कारण डोक्यात तेच चालू असतं. पेपर संपले, पोराच्या हातात फोन आला, दिवसभर रील. ॲड आवडली की क्लिक करतो पण फॉर्ममध्ये वडिलांचा नंबर मागितला की बंद करून पुढे जातो. म्हणून क्लिक तेवढ्याच आणि लीड कमी, आणि विशेषतः दिवसा कमी, जेव्हा वडील कामावर आणि फोन पोराकडे. तुमचे आकडे अगदी असेच दिसतायत, पण हे मी खात्रीने तेव्हाच म्हणेन जेव्हा वयाचा तक्ता बघेन, तो तुम्ही टाकला नाही. `Age` ब्रेकडाउन काढा. पोरांनी अकाउंट उघडताना वय वाढवून टाकलेलं असतं म्हणून ती १८-२४ मध्ये दिसतात. त्या गटाच्या क्लिक मार्चपेक्षा बऱ्याच वाढलेल्या दिसल्या आणि ३५-५४ च्या कमी झाल्या तर हेच कारण. उपाय सोपा आहे, पेपर संपल्यापासून ॲडचं वय ३५ च्या वर ठेवा आणि मजकूर बापाशी बोलणारा ठेवा, पोराशी नको.

आता तुमचा मे महिना. तुम्ही तारखेसमोर तारीख ठेवून बघितलंय आणि तिथेच घोटाळा आहे. २०२४ला बारावीचा निकाल लागला २१ मेला आणि दहावीचा २७ मेला. २०२५ला बारावी ५ मे आणि दहावी १३ मे. म्हणजे सगळा सीझनच दोन आठवडे अलीकडे सरकला. मेचा तिसरा आठवडा २०२४ला दहावीच्या निकालाआधीचा थंड आठवडा होता, २०२५ला तोच निकालानंतरचा गरम आठवडा. दोघांची तुलना म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवसाची आणि पूजेच्या दिवसाची जेवणावळ मोजून केटरर बदलण्यासारखं. दहावीच्या निकालाचा दिवस शून्य धरा, त्याच्या आधीचे दिवस उणे, नंतरचे अधिक, आणि मग दोन्ही वर्षं शेजारी ठेवा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोन वर्षांच्या रेघा इतक्या सारख्या निघाल्या की मीच हसलो.

निकालाच्या दिवसाबद्दल अजून एक. तुमच्या वेबसाइटवर "दहावीचा निकाल कसा पाहायचा" असं पान आहे असं दिसतं. त्या दिवशी ट्रॅफिक आभाळाला भिडणार आणि पुढच्या आठवड्यात आपटणार, ॲनालिटिक्स लाल रंगात मोठा उणे आकडा दाखवणार. ते ट्रॅफिक तुमचं नव्हतंच, निकाल बघायला आलेली पोरं होती, नंदुरबारपासून नागपूरपर्यंतची. ते एक पान वगळून आकडे बघा, खरी चौकशी माझ्या अनुभवात निकालानंतर दोन-तीन दिवसांनी चढायला लागते, मार्कांचा आनंद किंवा रडारड उरकल्यावर.

मग आपल्याकडची खास गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या एजन्सीच्या कॅलेंडरमध्ये कधीच नसते. आखाजी. त्यांच्यासाठी ती फक्त अक्षय तृतीया, सोनं घ्यायचा दिवस. आपल्याकडे लेकी माहेरी येतात, झोके, गाणी, पुरणपोळ्या आणि आमरस, घरोघर पाहुणे. माझ्या एका अमळनेरच्या क्लायंटला कॉल सेंटरवाली पोरगी तक्रार करत होती की लीड उचलत नाहीत, तो म्हणाला, "आखाजीले कोन फोन उचलस वं माय?" बरोबर होतं त्याचं. त्या दोन-तीन दिवसांत दुहेरी मार असतो, एकीकडे जळगावचे सराफ स्थानिक ॲडमध्ये पैसा ओततात म्हणून आपल्या भागात सीपीएम चढतो आणि दुसरीकडे आपलं गिऱ्हाईक घरात पाहुण्यांत. आखाजी २०२४ला १० मेला होती, २०२५ला ३० एप्रिलला, परत तारीख वेगळी. हा खड्डा ओळखायचा कसा, तर जिल्हावार बघून. धुळे-जळगाव-नंदुरबार पडलं आणि तीच ॲड नाशिक शहरात किंवा संभाजीनगरात तितकी पडली नाही, तर कारण खानदेशातलं आहे. सगळीकडे सारखं पडलं तर कारण देशभराचं, नाहीतर तुमच्याच फॉर्मचं.

या जिल्ह्याच्या युक्तीचा मला सगळ्यात छान उपयोग लोकसभेला झाला. २०२४ला जळगाव, रावेर आणि नंदुरबारचं मतदान १३ मेला होतं, धुळ्याचं २० मेला. एकच क्लायंट, एकच ॲड, दोन्हीकडे चालू. १३ ला जळगाव बसलं आणि धुळं चालू राहिलं, २० ला बरोबर उलट. तेव्हा छातीठोकपणे म्हणता आलं की हा मतदानाचा परिणाम आहे, आणि आयपीएलचा सीझन तेव्हाही चालूच होता.

काही आठवडे मात्र वाचताच येत नाहीत, आणि ते मान्य करायला शिकलं पाहिजे. २०२५चा मेचा दुसरा आठवडा घ्या. ७ मेला ऑपरेशन सिंदूर, ८ तारखेची धरमशाळाची मॅच मधेच थांबली, ९ ला आयपीएल स्थगित, १३ ला दहावीचा निकाल, १७ ला आयपीएल परत सुरू. मला एकाने उत्साहाने मेसेज केला, "आयपीएल बंद पडली आणि बघा आपला सीपीएम उतरला, म्हणजे आयपीएलच दोषी होती!" अरे पण त्याच दिवसांत सगळा देश बातम्यांना चिकटलेला होता, अनेकांनी स्वतःच्या ॲड थांबवल्या होत्या, आणि मधेच निकाल. चार दोऱ्या एकाच वेळी ओढल्या तर घंटा कुठल्या दोरीने वाजली? मी त्या आठवड्यावर शीटमध्ये लाल रंग मारला आणि कुठल्याही सरासरीत धरला नाही. तुम्हीही तसंच करा.

राहिला ॲड बंद ठेवायचा विचार. तसं करू नका, आणि त्याचं कारण क्रिकेटशी नाही तर मेटाच्या मशीनशी आहे. कोणाला ॲड दाखवायची हे शिकायला त्याला एका ॲड सेटमध्ये आठवड्याला साधारण ५० रिझल्ट लागतात. तुम्ही मार्चला ५६ वर होता, म्हणजे कसंबसं काठावर. २८ वर आलात की `Learning limited` दिसायला लागतं आणि लीड अजून महाग होते, म्हणजे पहिल्या घसरणीचं व्याज. आणि सात दिवस किंवा जास्त बंद ठेवून परत चालू केलं की शिकवणी पहिल्यापासून. आयपीएल दोन महिन्यांची असते आणि तुमचा अख्खा सीझन तिच्याच पोटात, बंद ठेवून परत चालू करणार कधी, जूनमध्ये? त्यापेक्षा दोन-तीन ॲड सेट असतील तर एकात गोळा करा, म्हणजे आहेत त्या लीड एका जागी साठतात, आणि रोज उठून बजेट-ऑडियन्सला हात लावू नका.

मॅचच्या रात्री तेवढी ॲड थांबवावी का असं काही जण विचारतात. रात्रीच्या तुमच्या लीड मार्चमध्ये सुद्धा दिवसाला तीनच होत्या. एका मॅचला तीनच्या जागी एक आली म्हणून निर्णय घेतला तर तो नाणेफेकीवर घेतल्यासारखा होईल. आठवड्याला २८ लीड असतील तर आठ-दहा इकडेतिकडे नुसत्या योगायोगानेही होतात. निदान चार आठवड्यांच्या मॅचच्या रात्री एकत्र करा, बिगरमॅचच्या रात्रींशी एका लीडची किंमत ताडून बघा, तरी दीडपटीहून जास्त दिसली तर मग साडेसात ते साडेअकरा बंद करा. माझ्या क्लासवाल्या क्लायंटमध्ये असं करावं लागलं ते एकदाच, आणि तो क्लासवाला बाप लोकांना नाही तर स्पर्धा परीक्षेच्या पोरांना टार्गेट करत होता, ती सगळी मॅच बघत बसलेली.

आता एजन्सीवाल्याला फोन लावायच्या आधी एवढं करा: शेजारच्याचा मोबाइल घेऊन फॉर्म भरा, ओटीपी किती सेकंदात येतो ते बघा, आणि ३ ते ९ मार्च व ७ ते १३ एप्रिलचा वयाचा तक्ता काढा. १८-२४ चा वाटा दुप्पट निघाला तर एजन्सीशी भांडायचं काहीच कारण नाही, फक्त वय बदलायला सांगा. आणि ओटीपीच आला नाही, तर चहा मी पाजतो, पण त्या १७ लीडचं खापर कोणावर फोडायचं ते तुम्हीच बघा.